एचआरचा फोन आला की आकडा कसा बोलायचा

भाऊ, जळगावहून पुण्याला जायचंय म्हणून एचआरने पगाराचा पहिला आकडा सांगितला की लगेच हो म्हणू नको. मी तेच केलं होतं, वर्षाला ४.८० लाख ऐकून खुश झालो, नंतर कळलं त्यात ६० हजार व्हेरिएबल, कामगिरी बघून मिळणारे, म्हणजे फिक्स्ड ४.२० च, त्यातून कंपनीचा आणि आपला पीएफ महिन्याला १८०० - १८०० गेला, वर प्रोफेशनल टॅक्स, महिन्याला हातात आले ३१ हजारच्या आसपास, अन् रूमभाडं वेगळं!

म्हणून आधी विचार, "मॅडम, यात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती? ब्रेकअप मेल कराल का?"

मग सावकाश बोल, "रोल आवडलाय, पण मला फिक्स्ड ४.८० अपेक्षित आहे. तिथपर्यंत येता येईल का?" आणि गप्प बस. इथंच आपली पोरं घसरतात, दोन सेकंद शांतता झाली की "नाही, ४.५० पण चालेल" असं स्वतःच बोलून मोकळे होतात. घरची अडचण सांगू नको, काम काय येतं ते सांग. "बजेट नाही" म्हणाले तर "मग जॉइनिंग बोनस किंवा सहा महिन्यांनी रिव्ह्यू, ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल का?" फोन चालता चालता घेऊ नको, दम लागला की आवाज घाबरल्यासारखा येतो.