पेन्शन, फॅमिली पेन्शन आणि बारा लाखांची गोष्ट

ज्येष्ठ नागरिक संघातल्या छोट्या व्याख्यानानंतर आलेले प्रश्न. कराचे आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाचे आणि नव्या करप्रणालीचे आहेत.

मी 2012 साली केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शनवर निवृत्त झालो. नवी ‘युपीएस’, म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम, मला लागू होते का?

नाही. 1 एप्रिल 2025 पासून आलेली ही योजना एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. 25 वर्षं सेवा झाली असेल, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन, असा तिचा हिशेब. तुमचं पेन्शन आहे तसंच चालू राहील.

बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणता, मग बँकेनं माझे 21,600 रुपये का कापले?

तुमचाच हिशेब मांडू. पेन्शन महिना 62,000, म्हणजे वर्षाचे 7,44,000. ठेवींचं व्याज 2,16,000. बेरीज 9,60,000. पेन्शनवरची 75,000 ची प्रमाणित वजावट काढली की उरले 8,85,000. त्यावर स्लॅबप्रमाणे 28,500 रुपये कर निघतो, पण उत्पन्न बारा लाखांच्या आत असल्यानं तो सगळा सवलतीत माफ होतो.

बँकेला मात्र हे सगळं माहीत नसतं. एकाच बँकेतलं ज्येष्ठांचं व्याज वर्षाला एक लाखावर गेलं की ती पूर्ण व्याजावर दहा टक्के टीडीएस कापते. आपल्याला कर लागत नाही असं बँकेला कळवणारा 15एच फॉर्म वर्षाच्या सुरुवातीला दिला असता, तर कापला नसता. आता विवरणपत्र भरा, परतावा मिळेल. त्याआधी 26एएस या कापलेल्या कराच्या नोंदपत्रकात ही रक्कम तुमच्या पॅनवर दिसते का, तेवढं बघा. आणि शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर विशेष दरानं कर असेल, तर त्याला ही माफी नाही. ही अट बरेच जण विसरतात.

यजमान गेल्यावर मला त्यांचं फॅमिली पेन्शन येतं. माझं स्वतःचं पेन्शनही आहे. दोन्ही एकत्र दाखवायचं का?

ताई, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. तुमचं पेन्शन ‘पगार’ या सदरात, फॅमिली पेन्शन ‘इतर उत्पन्न’ या सदरात. 75,000 ची वजावट फक्त तुमच्या पेन्शनला. फॅमिली पेन्शनला एक तृतीयांश किंवा 25,000, यातली कमी असेल ती. तुमचं फॅमिली पेन्शन वर्षाला 2,40,000 आहे. त्याचा तिसरा हिस्सा 80,000, म्हणून वजावट 25,000. स्वतःच्या 4,20,000 मधून 75,000 गेले, 3,45,000 राहिले. इकडचे 2,15,000 मिळवले की 5,60,000. कर शून्यच.

कर शून्य असेल तर विवरणपत्र कशाला भरायचं?

कारण सक्ती चार लाखांपासून सुरू होते, बारापासून नाही. कर माफ होतो तो हिशेब मांडल्यावर, आणि तो विवरणपत्रातच मांडायचा असतो. वय 75 किंवा त्याहून जास्त असून पेन्शन आणि व्याज एकाच ठरावीक बँकेतून येत असेल, दुसरं काही उत्पन्न नसेल, तर त्या बँकेला घोषणापत्र देऊन यातून सुटका मिळते. फॅमिली पेन्शन मात्र त्यात धरू नका.