‘मला थोडा विचार करू दे’ आणि त्यानंतरची शांतता

प्रश्न : मी एका मैत्रिणीला माझ्या मनातलं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला थोडा विचार करू दे.’ त्याला आता तीन आठवडे झाले. ती रोज नेहमीसारखी बोलते, पण त्या विषयावर एक अक्षर काढत नाही. मी हा नकार समजायचा का, की थांबायचं? थांबायचं तर किती?

माझ्याकडे येणारे बहुतेक जण दिवस मोजून येतात. तीन दिवस झाले म्हणजे अजून आशा आहे आणि तीन आठवडे झाले म्हणजे संपले, असा त्यांचा हिशेब असतो. अनुभव मात्र असा आहे की दिवसांच्या संख्येवरून फारसे काही कळत नाही. त्या दिवसांत त्या विषयाचे काय झाले, तो पुढे सरकला का आणि कोणी सरकवला, यावरून बरेच कळते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रकरण सांगतो, कारण त्यात विरामाचे दोन-तीन प्रकार एकमेकांत गुंतले होते आणि तो गुंता माझ्याही चटकन लक्षात आला नव्हता.

सत्ताविशीतली एक तरुणी सव्वीस दिवस वाट पाहून माझ्याकडे आली होती. ज्या मित्राला तिने मनातले सांगितले होते, तो तिला तीन वर्षांपासून ओळखत होता. पहिल्या सत्रात तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बोलता बोलता दर दोन-तीन मिनिटांनी तो उचलून पुन्हा पालथा ठेवला. तो आपल्याला झुलवत ठेवतो आहे, याबद्दल तिची खात्री झालेली होती. मी तिला एका कागदावर दोन रकाने आखायला सांगितले. डावीकडे त्याचे प्रत्यक्ष शब्द आणि प्रत्यक्ष कृती, तारखेसह. उजवीकडे त्यावरून तिला काय वाटले ते. पुढच्या सत्रात ती आली तेव्हा उजवा रकाना तीन पाने भरून वाहत होता आणि डाव्या रकान्यात सहा ओळी होत्या.

त्या सहा ओळींतली पहिली अशी होती : ‘मला विचार करू दे. आत्ता काही बोललो तर चुकीचं बोलेन.’ गेले सव्वीस दिवस तिच्या डोक्यात फक्त पहिले वाक्य घुमत होते. दुसरे तिला लिहिताना आठवले. असे होते, कारण मनातले सांगणाऱ्याने त्या क्षणाची तयारी कित्येक महिने केलेली असते आणि ऐकणाऱ्याला मात्र ती गोष्ट त्या मिनिटाला पहिल्यांदा कळते. सांगणारा शेवटच्या पानावर असतो, ऐकणाऱ्याने अजून मुखपृष्ठही नीट पाहिलेले नसते. म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांच्या गप्पगप्प राहण्याचा अर्थ लावूच नये, असे मी सांगतो. तो निव्वळ दम खाण्याचा काळ असतो.

खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. माणूस खरोखर विचार करत असेल तर त्याच्या विरामात काहीतरी हालचाल दिसते. तो स्वतःहून विषयाजवळ येतो, अडखळत एखादा प्रश्न विचारतो, आपली अडचण सांगतो किंवा ‘परीक्षा संपली की बोलू’ अशी एखादी खूणगाठ देतो. तो थोडा अवघडलेलाही दिसतो, आणि हे अवघडलेपण वाट पाहणाऱ्याला हमखास नकारासारखे वाटते. या तरुणीच्या डाव्या रकान्यातली तिसरी ओळ होती चौथ्या दिवसाची. त्याने विचारले होते, ‘हे तुला कधीपासून वाटतंय?’ उजवीकडे तिने लिहिले होते, ‘म्हणजे मी इतके दिवस लपवलं, याचा राग आला.’ मला त्या प्रश्नात रागाचा मागमूस दिसला नाही. मागची तीन वर्षे नव्या नजरेने पाहू लागलेला माणूस असेच विचारतो.

मग मी तिला विचारले की त्यावर तू काय उत्तर दिलेस. डाव्या रकान्यात फक्त त्याच्याच ओळी असल्यामुळे ते कागदावर आलेच नव्हते, आणि ही माझ्या सूचनेतली चूक होती. तिने फोन उघडून दाखवले. हसऱ्या चेहऱ्याची दोन चित्रे आणि त्याखाली, ‘जाऊ दे रे, विसरून जा!’ त्यानंतरचे बावीस दिवस तो त्या विषयावर एक शब्द बोलला नव्हता. म्हणजे आम्ही दोघे ज्या शांततेचा अर्थ लावत बसलो होतो, ती पाचव्या दिवसापासून त्याची राहिलेलीच नव्हती. तिनेच विषय मागे घेतला होता आणि त्याने, शहाण्या माणसाने करावे तसे, तिच्या शब्दाला मान दिला होता. वाट पाहणे असह्य झाले की माणसे थट्टेवारी नेतात, रुसतात, बोलणे तोडून पाहतात, मित्रांकरवी चाचपणी करतात. आणि अशी एखादी गोष्ट घडली की पुढच्या मौनावरून समोरच्याचे मन वाचता येत नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपण असे काही केलेले नसेल, तर तिच्या विरामात हालचाल नाही ही गोष्ट मी गंभीरपणे घेईन. रोजचे बोलणे सुरळीत आणि तेवढा एकच विषय गाळलेला, हे सभ्य नकाराचे सर्वांत नेहमीचे रूप आहे. सिलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या अभ्यासकांनी १९९९ साली दाखवून दिले की रोजच्या व्यवहारात लोक ‘नाही’ हा शब्द न उच्चारताच नकार देतात. होकार झटकन आणि थोडक्यात येतो. नकार उशिरा, अडखळत, कारणांच्या आवरणात येतो आणि ऐकणाऱ्याला तो सहसा बरोबर कळतो. चहाच्या आमंत्रणाला ‘बघते, सांगते’ असे उत्तर आले तर आपण तिथे कपबशी मांडून बसत नाही. प्रेमाच्या बाबतीत मात्र तेच शब्द आपण उघडे दार समजतो.

ती स्पष्ट का बोलत नाही, असा राग येणे साहजिक आहे, पण तिची बाजूही पाहावी. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे अनुभव गोळा केले होते. तो अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नाकारणाऱ्यांकडे अपराधी भावना होती आणि चांगल्या माणसाला न दुखावता नाही कसे म्हणावे, याचे कोणतेही तयार शब्द त्यांना सापडत नव्हते. ती रोज नेहमीसारखी बोलते, त्यात बहुधा कपट नसते. मैत्री शाबूत आहे एवढे तिला दाखवायचे असते आणि उरलेले आपण समजून घ्यावे, अशी अपेक्षा असते.

झुलवत ठेवणे हा प्रकारही असतो, पण लोकांना वाटतो तितका वारंवार नाही. त्याची ओळख अशी की आपण दूर जाऊ लागलो की विषय अचानक जिवंत होतो, दोन गोड शब्द मिळतात, आणि आपण परत जवळ आलो की पुन्हा तळ्यात-मळ्यात सुरू होते. एकदा असे झाले तर मी त्याला गोंधळ म्हणेन. तीनदा झाले तर तिथे विचार चाललेला नाही, सोय चाललेली आहे. आणखी एक प्रसंग वेगळा काढून ठेवायला हवा. ज्याला आपण मनातले सांगितले तो माणूस कामाच्या ठिकाणी आपल्या हाताखाली असेल किंवा आपल्यावर अवलंबून असेल, तर ‘विचार करू दे’ हे शब्द बहुतेक वेळा ‘मला नाही म्हणायची सोय नाही’ या अर्थाचे असतात. तिथे पुन्हा विचारूच नये.

एरवी एकदा, आणि एकदाच, विचारावे. त्या तरुणीने पहिला मसुदा लिहिला तो अकरा ओळींचा होता. त्यात माफी होती, तक्रार होती आणि शेवटी ‘नाहीतर मी समजून जाईन’ अशी हलकीशी धमकीही होती. आम्ही तो छाटत छाटत तीन वाक्यांवर आणला : ‘मागे मी विसरून जा म्हणाले ते घाबरून म्हणाले; जे सांगितलं होतं ते खरं होतं. पुढच्या रविवारपर्यंत आपण एकदा यावर बोलू या का? उत्तर नाही असेल तरी मला ते ऐकायचं आहे.’ पहिल्या वाक्याने तिने स्वतः केलेला गुंता सोडवला आणि दुसऱ्याने मुदत दिली, पण होकाराची नव्हे, फक्त बोलण्याची. तिसऱ्या वाक्याने त्याच्या हाती ते शब्द दिले, जे नाकारणाऱ्याला सापडत नाहीत.

तिसरे वाक्य मात्र खरे असावे लागते. म्हणून पाठवण्यापूर्वी मी तिच्या मित्राच्या जागी बसून तिला तीन वेगवेगळ्या शब्दांत नकार दिला. पहिल्या वेळी ती वाद घालू लागली. दुसऱ्या वेळी ‘पण का?’ म्हणाली. तिसऱ्या वेळी बराच वेळ गप्प राहून म्हणाली, ‘ठीक आहे. मला काही दिवस कमी बोलायला लागेल.’ तेव्हा मी म्हटले, आता पाठव. आपल्यालाही मी हेच सुचवेन. आणि ठरलेला दिवस टळून गेला तर तेच उत्तर मानून रोजचे बोलणे आपणहून कमी करावे, कारण त्या रोजच्या बोलण्यातूनच आशा पुन्हा पुन्हा उगवत असते.

त्याचे उत्तर चाळीस मिनिटांत आले : ‘रविवारी भेटू.’ ते भेटले आणि त्याने नाही म्हटले. तो खरोखर विचार करत होता, हेही त्याने सांगितले. चौथ्या दिवसापर्यंत त्याचे काही ठरत नव्हते; तिचा ‘विसरून जा’ आला तेव्हा त्याला एकदम मोकळे वाटले, आणि त्या मोकळे वाटण्यावरून त्याला स्वतःचे उत्तर समजले. मी तिच्यासमोर त्याच्या विचारी असण्याच्या खुणा दाखवत असताना तिने त्यांतून होकार ऐकला होता, हे मला तेव्हा कळायला हवे होते. विचार करणारा माणूस नाही म्हणणार नाही, असे त्यात कुठेही नसते.

पुढच्या सत्राला ती आली ती रडत नव्हती, चिडलेली होती. ‘मी ते विसरून जा लिहिलंच नसतं तर?’ असे तिने बसायच्या आधी विचारले. मी म्हटले, ते आपल्या दोघांनाही कधीच कळणार नाही. फोन त्या दिवशी तिच्या पिशवीतच होता. त्या एका प्रश्नाला आम्ही पुढची चार सत्रे दिली.