आईंचा टीव्ही कधी बंद व्हावा?

"सासूबाईंना टीव्ही लावल्याशिवाय झोप येत नाही. तो रात्रभर चालू राहतो. तीस मिनिटांचा टायमर लावला, तर टीव्ही बंद होताच त्या जाग्या होतात आणि पुन्हा लावतात. काय करू?"

या ताईंच्या घरी मी गेले तेव्हा आधी आजींशी बोलले. "घरात बोलणं ऐकू आलं की बरं वाटतं," त्या म्हणाल्या. चित्र त्या बघतच नव्हत्या. त्यांना हवा होता आवाज, आणि तो हिरावून घ्यायचं काही कारण नव्हतं.

आठवडाभर ताईंनी नुसती नोंद ठेवली. आजींचा डोळा लागायला चाळीस-पन्नास मिनिटं लागत होती. म्हणजे अर्ध्या तासाचा टायमर त्या जाग्या असतानाच, नाहीतर नुकती झापड आलेली असताना संपत होता. झोप हलकी असताना अचानक शांतता झाली, तरी माणूस दचकतो. आम्ही Sleep Timer नव्वद मिनिटांवर नेला आणि आवाज आधीच कमी करून ठेवला. त्या रात्री आजी उठल्या नाहीत.

पण दोन दिवसांनी टीव्ही पुन्हा रात्रभर चालला. Sleep Timer बहुतेक टीव्हींमध्ये त्या एका रात्रीपुरताच असतो. टीव्ही बंद झाला की तो पुसला जातो, दुसऱ्या रात्री पुन्हा लावावा लागतो. आजींना ते लक्षात राहणार नव्हतं, आणि राहावं असा आग्रहही नको. त्यांच्या टीव्हीत Off Timer होता, म्हणजे ठरवलेल्या वेळी टीव्ही रोज आपोआप बंद करणारी सोय. त्यात आम्ही रात्री साडेअकराची वेळ लावून ठेवली. मात्र त्यासाठी टीव्हीचं घड्याळ बरोबर हवं, ते आधी तपासून घेतलं.

मध्यरात्री आजींनी पुन्हा टीव्ही लावला तर? त्यासाठी Auto Power Off चार तासांवर ठेवलं. इथे मात्र माझ्याकडून चूक झाली. पुढच्या आठवड्यात आजी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "संध्याकाळी मालिका चालू असतानाच बंद पडतो गं!" ही सोय रिमोटचं बटण किती वेळ दाबलं नाही, ते मोजते. आजी चॅनल बदलायच्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटने, टीव्हीच्या रिमोटला हातच लावायच्या नाहीत. टीव्हीच्या लेखी समोर कोणीच नव्हतं. बंद होण्याआधी पडद्यावर सूचना येत होती, पण ती बारीक अक्षरं आजींना वाचता येत नव्हती.

मी त्यांना विचारलं, "आजी, मालिका सुरू होताना टीव्हीच्या रिमोटने आवाज एकदा कमी-जास्त कराल का?" तेवढ्याने चार तास नव्याने मोजायला सुरुवात होते. त्यांनी होकार दिला. ताईंनी त्या रिमोटच्या आवाजाच्या बटणाशेजारी लाल टिकली चिकटवली.