मायक्रोपिपेटच्या बटणाचे दोन थांबे
प्रयोगशाळेच्या मॅन्युअलमधले पिपेटिंगचे, म्हणजे मायक्रोपिपेटने थोडासा द्रव अचूक मोजून घेण्या-सोडण्याचे, प्रकरण मोठे असले, तरी नवशिक्यांच्या बऱ्याच चुका बटण दाबताना बोटाला जाणवणाऱ्या दोन थांब्यांपाशी होतात, म्हणून आधी तेवढेच पक्के करावे. १०० मायक्रोलिटर पाणी घेताना टिप बुडवण्यापूर्वीच बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबावे, पिपेट उभे धरून टिप दोन-तीन मिलिमीटरच बुडवावी आणि बटण सावकाश सोडून क्षणभर थांबावे. झटकन सोडल्यास हवा आत शिरते. पाणी सोडताना टिप नळीच्या आतल्या भिंतीला टेकवून पहिल्या, मग दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबावे व बटण दाबलेलेच ठेवून टिप बाहेर काढावी. घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबल्यास पाणी जास्त येते आणि ते नवख्या डोळ्यांना सहसा कळत नाही, म्हणून संवेदनशील तराजूवर तोलून पाहावे: वजन सुमारे ०.१ ग्रॅम भरायला हवे.