कोपराच्या घडीतला इसब: भडका विझवायचा कसा आणि कारण शोधायचं कसं

प्रश्न: माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे कोरडे, लालसर चट्टे आहेत. झोपेत खाजवून रक्त काढतो. डॉक्टरांनी एक्झिमा सांगून मलम दिलंय. लावलं की चार दिवसांत बरं वाटतं, बंद केलं की आठ-दहा दिवसांत परत. दोन महिने अंडी आणि दूध बंद ठेवलं, तरी फरक नाही. नेमकं कशामुळे होतंय हे कसं शोधायचं?

उत्तर:

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिला तिसऱ्या वर्षापासून हेच आहे, याच जागी. पहिलं वर्ष आम्हीही खाण्यातच कारण शोधत होतो. अंडी झाली, शेंगदाणे झाले, सासूबाईंच्या सांगण्यावरून वांगंही झालं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं की या मुलांची त्वचा मुळातच ओलावा धरून ठेवत नाही. तिच्या वरच्या थराला बारीक फटी असतात. ओल त्यातून उडून जाते आणि घाम, साबण, धूळ आत शिरून आग करतात. घडीत तर कातडीवर कातडी घासते आणि घाम साचून राहतो, म्हणून कोपर आणि गुडघे आधी धरले जातात. म्हणजे कारण एक नसतं. कोरडेपणा कायम असतो आणि त्यावर जे पडेल ते निमित्त होतं.

म्हणून शोधाशोध करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा, नाहीतर काहीच कळणार नाही.

पहिली गोष्ट मलमाची. चार दिवसांत बरं दिसतं आणि तुम्ही थांबता, तिथेच गोम आहे असं मला वाटतं. लाली आधी जाते, आतली सूज मागाहून. आमच्या डॉक्टरांनी एक खूण सांगितली होती: डोळे मिटून बोट फिरवा. शेजारची त्वचा आणि चट्ट्याची त्वचा यांत फरक लागत असेल, बारीक वाळूसारखं खरखरीत किंवा जाडसर लागत असेल, तर भडका विझलेला नाही. आमच्याकडे दिसायला पाच दिवसांत बरं व्हायचं, पण बोटाला गुळगुळीत लागायला दहा-बारा दिवस जायचे. तुमच्या मुलाला किती दिवस चालेल हे डॉक्टरांनाच विचारा, पण "दिसेनासं झालं की थांबू का, की गुळगुळीत झाल्यावर?" असं नेमकं विचारा. सारखं उलटत असेल तर बरं झाल्यावरही त्याच जागी आठवड्यातून दोनदा लावायला काही डॉक्टर सांगतात, तेही विचारा.

स्टेरॉइडच्या भीतीने आम्ही मलम मोहरीएवढं लावायचो. त्याचं माप सोपं आहे. ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तुमच्या मुलाच्या दोन्ही कोपरांच्या घड्या त्यात आरामात होतील. मात्र ट्यूबवरची नावं एकदा वाचा. आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी तिन्ही एकत्र असलेली मलमं औषधाच्या दुकानात सहज मिळतात. ती स्वतःहून आणून लावू नका.

दुसरी गोष्ट मॉइश्चरायझरची, आणि ही चट्टा नसतानाही रोज. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट क्रीम सगळ्या अंगाला. संध्याकाळी परत एकदा. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत अशा मुलांना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं असं सांगितलं आहे. आम्ही १०० ग्रॅमची ट्यूब दीड महिना पुरवत होतो, यावरून काय ते समजा. मलम आणि क्रीम लागोपाठ लावू नका, मध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक किंवा कडुनिंबाचा पाला घालणं आम्ही बंद केलं, त्याने आग वाढायची.

हे दोन्ही महिनाभर नीट चाललं, की मग कारण शोधायला लागा. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री ० ते ३ असा खाजेचा आकडा लिहायचो आणि पुढे दोन-तीन शब्द: कपडे, घाम, सर्दी, कुठे झोपली. सहा आठवड्यांनी बघितलं तर ३ चा आकडा बहुतेक शुक्रवारी होता. गुरुवारी शाळेत पीटी असायची. पॉलिस्टरचा ट्रॅकसूट, मैदानावर घाम, आणि तेच कपडे दुपारी अडीचला घरी येईपर्यंत अंगावर. भडका दुसऱ्या दिवशी उठायचा, म्हणून आम्ही शुक्रवारच्या डब्यातच कारण शोधत बसलो होतो! आतून सुती बनियन आणि पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट घातला, घरी आल्या आल्या साध्या पाण्याने घड्या धुऊन क्रीम लावलं, आणि शुक्रवारचा आकडा १ वर आला.

गंमत म्हणजे तोच ट्रॅकसूट जुलैत काही करायचा नाही. डिसेंबरात नाशिकची हवा कोरडी झाली की करायचा. एकटं निमित्त पचून जातं, दोन जमली की भडकतं. दिवाळीत तर चार जमायची: खरखरीत उटणं, वासाचा साबण, न धुता घातलेला नवा जरीचा फ्रॉक आणि थंडी. आता तिला उटणं बोटाने कपाळापुरतं लावतो आणि नवे कपडे आधी एकदा धुतो. सर्दी-तापाने होणारा भडका मात्र टाळता येत नाही. तेव्हा दुसऱ्याच दिवशी मलम सुरू करायचं एवढंच, तेही डॉक्टरांशी आधी ठरवून ठेवलेलं.

खाण्याची ॲलर्जी असते तेव्हा ती बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते: अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ सुजणं, उलटी. असं कधी झालं नसेल तर दूध-अंडी बंद ठेवून मुलाचं पोषणच जातं. पण दोन महिने बंद आहेत, तर स्वतःहून एकदम सुरू करू नका. इतके दिवस बंद ठेवलेला पदार्थ परत देताना काही मुलांना तीव्र ॲलर्जी येते, म्हणून डॉक्टरांना सांगून सुरू करा.

एक शंका मनात ठेवा. इसब बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि त्याची कड पुसट असते. गोल, उठावदार कडेचा आणि मधून निवळलेला चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो, त्यावर नुसतं स्टेरॉइड लावलं तर पसरतो. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात इतरांनाही रात्री खाज असेल तर खरूज तपासून घ्या. आपल्या सावळ्या रंगावर लाली काळपट-जांभळट दिसते, आणि बरं झाल्यावर जागा काही महिने फिकट राहते. माझ्या नणंदेने ते कोड समजून रडारड केली होती. ते कोड नव्हतं, सावकाश भरून आलं.

चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, पाणी सुटलं तर जंतुसंसर्ग आहे, एक-दोन दिवसांत दाखवा. आणि एकाच आकाराचे दुखरे फोड झपाट्याने उठले, फुटून बारीक खड्डे पडले, सोबत ताप असेल, तर रात्र असली तरी लगेच दवाखान्यात न्या. तो नागिणीसारखा विषाणूचा संसर्ग असू शकतो, त्याला वेगळं औषध लागतं.