हळदीची पेढी सांभाळून पुडीचा ब्रँड

"सांगलीच्या मार्केट यार्डात बाबांची हळदीची पेढी आहे. मी बी.कॉम. झालो. आमचीच हळद दळून थेट ग्राहकांना ऑनलाइन विकायची म्हणतोय. बाबा म्हणतात, आपला धंदा पोत्यांचा, पुड्यांचा नाही. हे करू की नोकरी बघू?"

नोकरीचं ठरवण्याआधी एका पार्सलचा हिशेब मांड. पेढीवर नफा क्विंटलमागे बघतात, इथे तो ऑर्डरमागे बघायचा. आणि त्यात कुरिअर हळदीइतकंच खातं.

भाडं बहुधा 500 ग्रॅमच्या टप्प्याने लागतं. अर्ध्या किलोची पुडी खोक्यात घातली की वजन 560 भरतं आणि भाडं एक किलोचं पडतं. त्यापेक्षा 200 ग्रॅमच्या दोन पुड्या पाठव, खोक्यासह 460 होतील. खोकंही बेताचं हवं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा 5000 ने भागतात. येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर भाडं त्यावर. 20 × 15 × 8 चं खोकं 480 ग्रॅमचं धरलं जातं, उंची 10 केली की 600 चं.

आता जोडीची किंमत 260 रुपये धर. 5 टक्के जीएसटी वजा जाता 248 उरले. हळकुंड 160 रुपये किलो, दळणातली घट आणि दळणावळ धरून 400 ग्रॅम पावडर 73 ला पडली. पुड्या, खोकं, टेप 29, कुरिअर 70, पेमेंटचं शुल्क 5. हातात उरले 71. कॅश ऑन डिलिव्हरीत पाचातलं एक पार्सल परत आलं, तर त्याचं जाण्यायेण्याचं भाडं 140, म्हणजे पोचलेल्या प्रत्येक ऑर्डरवर 35 चा बोजा. त्यात जाहिरातीवर ऑर्डरमागे 150 गेले तर धंदा तोट्यात. म्हणून सुरुवात आगाऊ पैसे देणाऱ्या ओळखीच्या घरांपासून कर आणि दुसरी ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घे. पैसा दुसऱ्या ऑर्डरीत आहे, कारण तिला जाहिरात लागत नाही.

बाबांची खरी मदत इथे होते. हळकुंड मोडून आतला रंग बघून ते जो लॉट बाजूला काढतील, तोच दळ. प्रत्येक लॉटचा नमुना प्रयोगशाळेत दे: ओलावा 10 टक्क्यांपर्यंत, कर्क्युमिन किमान 2 टक्के, लेड क्रोमेट अजिबात नाही, हे अन्नसुरक्षा मानक आहे. ओलावा वाढला की पुडीत गुठळ्या होतात आणि तक्रार येते तोवर सगळा लॉट गेलेला असतो. एकदम जास्त दळू नकोस, पंधरा दिवसांपुरतंच दळ.

'सांगली हळद' या नावाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते पुडीवर छापण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी कर. एफएसएसएआय परवाना विक्रीआधीच हवा, आणि वजनमापे खात्याकडची पॅकर नोंदणीही करून घे.

पेढीचे पैसे यात घालू नकोस. वेगळं खातं, ठरलेली रक्कम आणि सहा महिने. पहिल्या 100 घरांपैकी 30 घरांनी पुन्हा मागवलं, तर बाबांसमोर तो हिशेब ठेव. नाही मागवलं, तर पेढीवरच बस आणि सौदे शीक.