विक्रम-वेताळाची चौकट काढली तर काय उरतं?

प्रश्न: गोष्टीत गोष्ट असते तिथे बाहेरची गोष्ट म्हणजे नुसता ओवायचा दोरा असतो का? वेताळ पंचविशीतून विक्रम आणि वेताळ काढून टाकले तर आतल्या गोष्टींचं काय बिघडतं?

उत्तर: काही गोष्टींचं काहीच बिघडत नाही. पहिल्या गोष्टीचं मात्र पार वाटोळं होतं, म्हणून तीच घेतो. पाठ सोमदेवाचा, ११व्या शतकातल्या कथासरित्सागरातला.

काशीचा राजपुत्र वज्रमुकुट तळ्याकाठी एक मुलगी पाहतो. ती कमळ कानाशी नेते, त्याचं कर्णभूषण करते, दुसरं कमळ डोक्यावर ठेवते आणि हात छातीवर. राजपुत्राला काही कळत नाही. त्याचा मित्र, प्रधानाचा मुलगा बुद्धिशरीर, या खुणांचा अर्थ लावतो: राजा कर्णोत्पलाचं राज्य, हस्तिदंताचं काम करणाऱ्याची मुलगी, नाव पद्मावती, आणि मन तुझ्यावर. दोघं कलिंगात जातात, प्रेम जमतं. खुणा मित्राने ओळखल्या हे कळल्यावर पद्मावती त्याला विषारी पक्वान्न पाठवते. तो ते कुत्र्याला घालतो, कुत्रा मरतो. मग तो डाव टाकतो. राजपुत्राने तिला दारू पाजायची, अंगावर त्रिशुळाची खूण करायची, मोत्यांचा हार पळवायचा. स्वतः तो स्मशानात तपस्वी होऊन बसतो. नेमका राजाचा तान्हा मुलगा वारलेला असतो. तपस्वी सांगतो, ही डाकीण आहे, हिनेच पोर खाल्लं, खूण बघा. राजा खूण बघतो आणि तिला नगराबाहेर हाकलतो. हे दोघं तिला घोड्यावर घालून काशीला नेतात. मुलगी मेली असं समजून तिचा बाप दुःखाने मरतो, त्याच्यामागे आईही.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कोजागिरीला ही गोष्ट मी आठवी-नववीतल्या पोरांना अशीच, बिनचौकटीची सांगितली. (दारू गाळून. पालक शेजारीच मसाला दूध पीत होते.) पोरांना प्रधानाचा मुलगा जाम आवडला. एका मुलीला पद्मावतीचा राग आला. राजा कर्णोत्पलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि त्यात नवल नाही: गोष्टीत तो जेमतेम चार वाक्यांपुरता आहे.

आता चौकट लावा. वेताळ विचारतो, त्या आईबापांच्या मरणाचं पाप कुणाला? उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. राजा म्हणतो, तिघांपैकी कुणालाच नाही. मित्र धन्याचं काम करत होता, प्रेमिक प्रेमाने आंधळे झाले होते. दोष कर्णोत्पलाचा, कारण राजा असून त्याने हेरांकरवी खरंखोटं तपासलं नाही.

चमकदार प्रेमकथा या प्रश्नाने एका झटक्यात खटला होते, आणि कोपऱ्यातला माणूस आरोपी ठरतो. आतल्या कथेत हा निकाल कुठेच नाही. तो ऐकणाऱ्याने दिला, आणि ऐकणारा राजा आहे म्हणूनच त्याला राजाची चूक दिसली.

पण खरी गंमत पुढे आहे. निकाल देणारा हा राजा, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा म्हणजे आपल्या पैठणचा त्रिविक्रमसेन, या घडीला काय करतोय? क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात एक फळ आणून द्यायचा. राजा ते न फोडता कोठारात पाठवायचा. एकदा माकडाने फळ फोडलं तेव्हा आत रत्न निघालं. त्या रत्नांच्या उपकारापोटी, भिक्षूचा हेतू न तपासता, राजा त्याच्यासाठी प्रेत वाहतोय. भिक्षूला त्याचाच बळी द्यायचाय. म्हणजे तपस्व्याच्या वेषावर भुलून चौकशी न करणाऱ्या राजाला दोषी ठरवणारा माणूस तोच गुन्हा खांद्यावर घेऊन चाललाय, आणि वेताळाला हे ठाऊक आहे.

शेवटचं कोडं याच कारणासाठी वेगळं आहे. एक बाप एका परक्या मुलीशी आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी लग्न करतो. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही, तो गप्प राहतो, आणि वेताळ खूश होऊन भिक्षूचा कट सांगतो: तो लोटांगण घालायला सांगेल, तू म्हण, आधी करून दाखव. प्रत्येक बरोबर उत्तराने राजा पुन्हा झाडापाशी जात होता. सुटला तो उत्तर न आल्यामुळे.

आता जिथे चौकट फारसं काही करत नाही ती गोष्ट. मंदारवती मरते. तिच्या तीन उमेदवारांपैकी एक राखेवर झोपतो, एक अस्थी गंगेला नेतो, एक मंत्र शिकून तिला जिवंत करतो. नवरा कोण? जिवंत करणारा बाप, अस्थी नेणारा मुलगा, राखेवर झोपणारा नवरा. हा निकाल राजाऐवजी तुमच्या आत्याने दिला तरी तितकाच पटेल, कारण ऐकणाऱ्यावर त्यातलं काहीच उलटत नाही. माझी कसोटी हीच: ऐकणारा बदलून पाहा. अर्थ हलला तर चौकट काम करतेय.

चांदोबात ही मालिका वर्षानुवर्षं चालली, गोष्टी नव्या रचलेल्या. मजा यायची, पण भिक्षूपाशी पोचायची वेळच येत नसे. तुम्ही म्हणता तो नुसता दोरा तिथे सापडेल.